मानेतून उठणारी डोकेदुखी: संगणकावर बसून काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत फिजिओथेरपीचा व्यवसाय करताना कार्यालयीन काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. डोकेदुखीचे प्रकार अनेक आहेत. या पानावर फक्त एकाच प्रकाराचा विचार केला आहे. मानेच्या वरच्या भागातून उठून डोक्यात जाणाऱ्या या डोकेदुखीला वैद्यकात सर्व्हिकोजेनिक डोकेदुखी म्हणतात. व्यायाम सुरू करण्यापूर्वी प्रश्न ३ अवश्य वाचावा.

१. माझे दुखते उजव्या डोळ्याच्या मागे, आणि तुम्ही सांगता दोष मानेत आहे. हे कसे शक्य आहे?

मानेच्या सर्वांत वरच्या तीन मज्जातंतूंकडून येणाऱ्या संवेदना आणि कपाळ, डोळा, कानशील या भागांतून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच पेशीसमूहात जाऊन पोहोचतात. तेथून पुढे मेंदूकडे निरोप जातो, तेव्हा वेदना नेमकी कोठून निघाली हे मेंदूला नीट वेगळे करता येत नाही. त्यामुळे मानेतल्या सांध्याची वेदना डोळ्यामागे किंवा भुवईवर जाणवते. डोळे तपासले तर ते निरोगी निघतात, चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडत नाही, आणि दुखणे मात्र खरेच असते.

या वेदनेचे उगमस्थान बहुतेक वेळा मानेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांमधला, मागच्या बाजूचा लहान सांधा असतो. काहींमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमधला सांधा आखडलेला असतो. नॉर्वेचे मज्जाविकारतज्ज्ञ ओटार स्यास्टा यांनी १९८३ मध्ये या डोकेदुखीचे स्वतंत्र वर्णन करून तिला आजचे नाव दिले. त्याआधी असे रुग्ण मायग्रेन किंवा ताणाची डोकेदुखी या सदरांत टाकले जात, आणि आजही अनेकदा तसेच होते.

२. हे मायग्रेन नसून मानेचेच दुखणे आहे, हे मी कसे ओळखावे?

चार गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे बाजू: मानेची डोकेदुखी सहसा एकाच बाजूला असते आणि प्रत्येक वेळी त्याच बाजूला येते. आज उजवीकडे आणि पुढच्या आठवड्यात डावीकडे असे होत असेल, तर मायग्रेनची शक्यता वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवात: वेदना कवटीच्या पायथ्याशी किंवा मानेत सुरू होते आणि नंतर पुढे कपाळाकडे सरकते. तिसरी, कारण: मान एका विशिष्ट दिशेला वळवली की किंवा एकाच स्थितीत बराच वेळ ठेवली की दुखणे सुरू होते किंवा वाढते. चौथी, हालचाल: मान एका बाजूला कमी वळते, रिक्षात किंवा गाडीत मागे वळून पाहताना हे प्रथम लक्षात येते.

मायग्रेनमध्ये ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणे ही लक्षणे ठळक असतात. मात्र येथे एक अडचण आहे, ती मी मुद्दाम सांगतो. मायग्रेनच्या पुष्कळ रुग्णांची मानही दुखते, कारण प्रश्न १ मध्ये सांगितलेली संवेदनांची वाट दोन्ही दिशांनी चालते. म्हणून केवळ मान दुखते एवढ्यावरून निदान करता येत नाही. दुखणे मानेच्या हालचालीशी बांधलेले आहे का, हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट यासाठी एक सोपी चाचणी करतो. रुग्णाला उताणे झोपवून मान पूर्ण पुढे वाकवली जाते, म्हणजे खालचे सांधे ताणले जाऊन स्थिर होतात, आणि मग डोके हलकेच डावीकडे व उजवीकडे वळवले जाते. निरोगी मान या स्थितीत प्रत्येक बाजूला साधारण ४४ अंश वळते. दुखऱ्या बाजूला ती साधारण ३२ अंशांच्या आतच अडत असेल, तर पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधला सांधा आखडल्याचा संशय बळावतो. ही चाचणी घरी कुटुंबीयांकडून करून घेऊ नये.

३. कोणती लक्षणे दिसल्यास व्यायाम न करता आधी डॉक्टरांकडे जावे?

आयुष्यात कधी आली नाही अशी तीव्र डोकेदुखी क्षणार्धात उसळली, ताप आणि ताठ मान एकत्र आली, बोलणे अडखळले, चेहरा किंवा हातपाय लुळे पडू लागले, दोन-दोन दिसू लागले, एक पापणी खाली ओघळली, किंवा डोक्याला वा मानेला मार लागल्यानंतर दुखणे सुरू झाले, तर त्याच वेळी रुग्णालयात जावे. मानेत कधी न जाणवलेली, अचानक उठलेली एकाच बाजूची वेदना आणि सोबत चक्कर किंवा तोल जाणे, हे मानेतल्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी मान चोळणे किंवा ताणणे धोक्याचे आहे.

वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशिलाला हात लावला तरी दुखत असेल किंवा जेवताना जबडा भरून येत असेल, तर त्याच दिवशी तपासून घ्यावी. त्यामागे रक्तवाहिनीचा दाह असू शकतो आणि उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे किंवा चालताना पाय जड पडणे ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची चिन्हे आहेत. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीने आणि दुखणे दर आठवड्याला चढत चाललेल्या व्यक्तीनेही हे पान बाजूला ठेवून आधी निदान करून घ्यावे.

४. दिवसभर बसल्याने मानेत नेमके काय बिघडते?

लॅपटॉप टेबलावर ठेवला की पडदा डोळ्यांच्या बराच खाली येतो. तासाभरात पाठ गोल होते, खांदे पुढे येतात आणि मानेचा खालचा भाग पुढे झुकतो. आता नजर जमिनीकडे जायला हवी, पण ती पडद्यावर ठेवायची असल्याने आपण नकळत हनुवटी वर आणि पुढे काढतो. म्हणजे मान खाली पुढे वाकलेली आणि वर मागे मोडलेली, अशी दुहेरी अवस्था होते. कवटीच्या पायथ्याचे छोटे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि वरच्या तीन मणक्यांचे सांधे हालचालीच्या शेवटच्या टोकाला दाबले जातात. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. ते तोलण्याचे काम गळ्यामागच्या, मणक्यांना चिकटलेल्या खोल स्नायूंचे असते. या अवस्थेत ते स्नायू काम सोडून देतात आणि वरवरचे मोठे स्नायू त्यांच्या जागी राबू लागतात.

हनुवटी पुढे येणे हा एकटा गुन्हेगार नाही, हेही स्पष्ट करायला हवे. अशी ठेवण असलेल्या कित्येकांचे डोके कधीच दुखत नाही. दुखणे येते ते स्थिती न बदलता तासन्‌तास बसल्यामुळे, आणि खोल स्नायू कमकुवत असल्यास ते लवकर येते. म्हणून दिवसभर ताठ बसण्याचा अट्टहास करणाऱ्यांनाही आराम पडत नाही. त्यांनी एक ताठर स्थिती सोडून दुसरी पकडलेली असते.

५. एक्स-रेमध्ये ‘स्पॉन्डिलायसिस’ आणि ‘मानेचा बाक सरळ झाला आहे’ असे लिहून आले आहे. त्यामुळेच डोके दुखते का?

बहुधा नाही. चाळिशीनंतर मणक्यांची झीज पुष्कळ निरोगी लोकांच्या एक्स-रेतही दिसते, आणि ती बहुतेक पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या आसपास असते. तेथील दोषाची वेदना खांद्यात आणि हातात उतरते. डोक्यात चढणारी वेदना वरच्या तीन पातळ्यांवरून येते. मानेचा बाक सरळ दिसणे हे तर एक्स-रे काढताना तुम्ही हनुवटी कशी धरली होती यावरही ठरते. एक्स-रे आणि एमआरआय यांचा खरा उपयोग प्रश्न ३ मधील आजार वगळण्यासाठी आहे. अहवालातील एका शब्दामुळे वर्षानुवर्षे मान हलवायलाच घाबरणारे रुग्ण मी पाहतो, आणि त्या भीतीने मान अधिकच आखडते.

६. घरी जागा कमी आहे. जेवणाच्या टेबलावर किंवा दिवाणावर बसून काम करावे लागते. काय बदलू?

खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर तो वेगळा कीबोर्ड आणि माउस यांवर करावा. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असल्यामुळे पडदा योग्य उंचीवर नेला तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात, आणि हात खाली ठेवले तर मान वाकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर येण्याचा मार्ग म्हणजे त्यांना वेगळे करणे. कीबोर्ड वेगळा झाला की लॅपटॉप जाड पुस्तकांच्या थप्पीवर किंवा भक्कम खोक्यावर ठेवता येतो.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि पडदा साधारण हातभर अंतरावर असावा. अंतर वाढवल्यावर अक्षरे वाचण्यासाठी पुढे झुकावे लागत असेल, तर पडदा जवळ ओढण्याआधी अक्षरांचा आकार वाढवून पाहावा. मोठ्या तक्त्यांवर काम करणाऱ्यांना एवढ्यानेच बराच फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

जेवणाचे टेबल बहुतेकांना कीबोर्डसाठी उंच पडते. कोपर शरीराजवळ ठेवून काटकोनात वाकवले असता कीबोर्ड कोपराच्या पातळीला यायला हवा. टेबल उंच असेल तर खांदे दिवसभर कानांकडे उचललेले राहतात, आणि मानेपासून खांद्याकडे उतरणारा ट्रॅपिझियस स्नायू त्याचा भार वाहतो. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी घालून बैठक उंच करावी आणि पाय लोंबकळू लागल्यास त्यांच्याखाली पाट ठेवावा. कमरेच्या पोकळीत गुंडाळलेला टॉवेल ठेवला की पाठ गोल होत नाही आणि डोके आपोआप मागे येते. मानेची दुरुस्ती कमरेपासून सुरू होते ती अशी.

दिवाणावर मांडी घालून लॅपटॉप मांडीवर ठेवणे ही सर्वांत वाईट व्यवस्था आहे. ती टाळता येत नसेल तर निदान फोनवरच्या बैठका तेथे बसून कराव्यात आणि टंकलेखनाचे काम टेबलावर करावे.

७. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. पडदा उंच केल्यापासून डोकेदुखी वाढली. असे का?

प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी काचेच्या चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आला की अक्षरे स्पष्ट दिसण्यासाठी तुम्ही हनुवटी वर करता, म्हणजे प्रश्न ४ मध्ये सांगितलेली वरच्या मानेची मोड आणखी वाढते. तुमच्यासाठी प्रश्न ६ मधील उंची लागू नाही. पडदा इतका खाली आणावा की हनुवटी न उचलता मजकूर वाचता येईल, आणि त्याची वरची बाजू थोडी मागे झुकवावी. दिवसाचे सहा-सात तास पडद्यासमोर जात असतील, तर त्या अंतरासाठी वेगळा एकाच नंबराचा चष्मा करून घेणे हा अधिक चांगला उपाय आहे. नेत्रतपासणीच्या वेळी पडद्याचे अंतर मोजून सांगावे.

८. नेमका कोणता व्यायाम करायचा?

एकच करायचा असेल तर हा करावा. उताणे झोपा, गुडघे वाकवा. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील इतपत जाडीची टॉवेलची घडी डोक्याखाली घ्या. दात एकमेकांपासून सुटे आणि जीभ टाळूला हलकी टेकलेली असू द्या. आता ‘हो’ म्हणताना हलवतो तसे डोके अगदी सावकाश, थोडेसेच हलवा, जेणेकरून हनुवटी गळ्याकडे येईल आणि डोक्याची मागची बाजू घडीवरून वर सरकेल. डोके उचलायचे नाही आणि घडीत दाबायचेही नाही. तेथे १० सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा आणि सोडा. असे १० वेळा, दिवसातून दोनदा करावे.

व्यायाम चुकतो आहे हे बोटांनी कळते. दोन बोटे गळ्याच्या पुढच्या बाजूला, कानामागून छातीच्या हाडाकडे तिरक्या उतरणाऱ्या स्नायूवर हलकी ठेवा. हनुवटी आत घेताना तो स्नायू दोरीसारखा ताठ उभा राहिला, तर खोल स्नायूंऐवजी तो काम करत आहे. मग हालचाल निम्मी करा. सुरुवातीला पुष्कळांना दोन-तीन सेकंदांतच हा स्नायू ताठ होतो. तेवढेच सेकंद धरावे आणि आठवड्यागणिक वाढवावे. हा व्यायाम इतका सौम्य आहे की काहीच केले नाही असे वाटते आणि त्यामुळे लोक जोर लावतात. जोर लावला की त्याचा उपयोग संपतो.

ऑस्ट्रेलियातील ग्वेंडोलिन जुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात सहा आठवड्यांचे असे सौम्य व्यायाम आणि हाताने केलेले सांध्यांचे उपचार या दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि हा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. दोन्ही एकत्र केल्याने मात्र फार मोठी भर पडली नाही. त्या व्यायामांत खांद्याचा एक भाग होता, तो बसल्या जागी करता येतो: खांद्यांची पाती हलकेच मागे आणि खाली न्यावीत, छाती न फुगवता १० सेकंद धरावीत आणि सोडावीत.

९. मग स्ट्रेचिंगचा काही उपयोग नाही का?

आहे, पण ते प्रश्न ८ मधील व्यायामाची जागा घेऊ शकत नाही. ताण दिल्याने आवळलेला स्नायू तासा-दोन तासांसाठी सैल होतो आणि तेवढ्या वेळात मान हलवणे सोपे जाते.

कार्यालयात करण्याजोगे दोन प्रकार पुरेसे आहेत. पहिला मानेपासून खांद्याच्या पात्याकडे जाणाऱ्या स्नायूसाठी: खुर्चीवर बसून उजव्या हाताने खुर्चीची कड धरा, डोके डावीकडे साधारण ४५ अंश वळवा आणि नाक डाव्या काखेच्या दिशेने खाली न्या. उजव्या बाजूला मानेच्या मागे ओढ जाणवली की ३० सेकंद थांबा. डावा हात डोक्यावर ठेवायचा तर फक्त त्याचे वजन टाका, ओढू नका. मग दुसऱ्या बाजूने करा. दुसरा प्रकार छातीसाठी: दाराच्या चौकटीवर कोपर खांद्याच्या पातळीला टेकवून एक पाऊल पुढे टाका आणि ३० सेकंद थांबा. छातीचे स्नायू आखूड झाले की खांदे पुढे ओढले जातात, म्हणून हा प्रकार मानेच्या यादीत आहे.

मान गोल गोल फिरवू नये. त्या फेरीत डोके पूर्ण मागे जाते, आणि आधीच दाबलेल्या सांध्यांना नेमका तोच दाब नको असतो. ताण देताना हातात मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा डोकेदुखी भडकली, तर थांबून तपासून घ्यावे.

१०. खुर्ची, टेबल, पडदा सगळे ठीक केले. तरी दुपारी तीननंतर उजवी बाजू दुखतेच. काय राहिले असेल?

एक उदाहरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. डोंबिवलीहून अंधेरीला जाणाऱ्या, लेखा विभागात काम करणाऱ्या एका बाईंची हीच तक्रार होती. वय ३४. दुखणे नेहमी उजवीकडे, मानेतून सुरू होऊन भुवईपर्यंत. घरून काम करण्याच्या दिवशी त्रास जवळजवळ नसे, आणि कार्यालयातली खुर्ची तर घरच्यापेक्षा कितीतरी चांगली होती. बैठकीचे फोटो मागवले तेव्हा उलगडा झाला. त्यांच्यासमोर लॅपटॉप होता आणि उजव्या हाताला मोठा पडदा. समोर ई-मेल आणि उजवीकडे एक्सेलचा तक्ता असे. दिवसाचा बहुतेक वेळ तक्त्यात जात होता, म्हणजे धड समोर आणि मान उजवीकडे वळलेली. शिवाय महिनाअखेरीला फोन उजव्या कानाशी, खांद्याने दाबून धरलेला.

मोठा पडदा बरोबर समोर आणला, लॅपटॉप डावीकडे सरकवला, फोनसाठी हेडसेट घेतला आणि प्रश्न ८ मधील व्यायाम सुरू केला. पहिल्या पंधरवड्यात दुखणे थांबले नाही. ते तीनऐवजी पाच वाजता सुरू होऊ लागले. एवढा बदलही दिशा योग्य असल्याचा पुरावा होता. पुढे दुखण्याचे दिवस विरळ होत गेले आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ते महिनाअखेरीपुरते उरले.

तुमच्याही बाबतीत दुखणारी बाजू आणि वळणारी बाजू जुळते का, हे प्रथम पाहावे. दोन्ही पडदे सारखेच वापरले जात असतील तर त्यांची जोडणी नाकासमोर यावी. समोर खिडकीचा उजेड किंवा मानेवर थेट एसीचा झोत असेल, तर त्यामुळेही माणूस नकळत वाकडा बसतो. आणि दर अर्ध्या तासाने जागेवरून उठावे. पाणी प्यायला जाण्याइतका वेळ पुरतो.

११. लोकलच्या प्रवासाने त्रास वाढतो का? नोकरी तर सोडता येत नाही.

वाढू शकतो. उभ्याने एका हाताने वरची कडी धरायची, त्याच बाजूच्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी आणि दुसऱ्या हातातल्या फोनकडे खाली पाहायचे, या स्थितीत तासभर गेला तर मान कार्यालयात पोहोचण्याआधीच थकलेली असते. दोन्ही खांद्यांवर घेण्याची सॅक वापरावी आणि गर्दीत ती पुढे घ्यावी लागली तरी दोन्ही पट्टे खांद्यांवरच ठेवावेत. कडी धरणारा हात स्थानकागणिक बदलावा. फोन पाहायचा असेल तर तो छातीच्या वर उचलून धरावा; हात दुखू लागला की फोन खिशात जातो, आणि मानेसाठी तेच हितकर आहे. बसायला जागा मिळाल्यास मान टाकून डुलकी घेऊ नये, डोके मागे टेकवता येत असेल तरच झोपावे.

१२. डोके दुखले की गोळी घेतो. किती गोळ्या चालतील?

गोळ्यांच्या संख्येपेक्षा महिन्यातील दिवस मोजावेत. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस, किंवा कॅफीन वगैरे मिसळलेली संयुक्त गोळी १० किंवा त्याहून अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर गोळीमुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. ज्यांचे डोके पूर्वीपासून दुखते त्यांनाच हे होते, म्हणून ते ओळखू येत नाही. सकाळी उठतानाच डोके जड असणे आणि गोळीचा असर दिवसेंदिवस कमी होणे, ही खूण आहे. अशा अवस्थेत मानेचे व्यायाम अपुरे पडतात. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी कराव्या लागतात. दुकानातून घेतलेल्या गोळीच्या पाकिटावर किती घटक आहेत, ते वाचून पाहावे.

१३. केस कापल्यावर सलूनमध्ये मान ‘कडकन’ मोडून देतात. बरे वाटते. चालेल का?

नाही. डोक्याची चंपी करून घ्यावी, खांदे चोळून घ्यावेत, पण मान झटक्याने वळवू देऊ नये. प्रश्न ३ मध्ये सांगितलेली रक्तवाहिनीच्या अस्तराची इजा अशा झटक्यानंतर झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. ती क्वचित होते, पण झाली तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकते. मिळणारा आराम काही मिनिटांचा असतो. खुर्चीत बसतानाच ‘मान मोडू नका’ असे सांगून ठेवावे, कारण हात डोक्यावर आल्यानंतर बोलायला अवधी मिळत नाही.

१४. मानेचा पट्टा आणि विशेष उशी घ्यावी का?

पट्टा नको. तो डोक्याचा भार उचलतो आणि जे खोल स्नायू जागे करायचे आहेत त्यांना आणखी सुस्त करतो. उशीबाबत इतकेच पाहावे की कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेत राहील इतकी तिची उंची असावी. महागड्या उशीची गरज नाही. पालथे झोपण्याची सवय मात्र मोडावी, कारण त्यात मान रात्रभर एका बाजूला पूर्ण वळलेली राहते.

१५. सहा आठवडे नेमाने सगळे केले, तरी फरक नाही. आता काय?

प्रथम निदान पुन्हा तपासून घ्यावे. काहींना मायग्रेन आणि मानेची डोकेदुखी एकत्र असते. व्यायामाने मानेचा भाग कमी होतो आणि मायग्रेनचे झटके तसेच राहतात. अशा वेळी मज्जाविकारतज्ज्ञांकडून मायग्रेनचा स्वतंत्र उपचार घ्यावा लागतो. डोक्याच्या मागच्या बाजूने विजेसारखी सणक वर जात असेल आणि ती काही सेकंदच टिकत असेल, तर तो तेथील मज्जातंतूचा विकार असू शकतो आणि त्याचे औषध वेगळे आहे. प्रश्न २ मधील चाचणीत वरचा सांधा अडत असल्याचे दिसले असेल, तर हाताने केलेले उपचार आणि टॉवेलच्या आधाराने मान वळवण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावा. टॉवेल एका बोटाने वर-खाली झाला तरी परिणाम बदलतो, म्हणून तो व्हिडिओ पाहून करू नये.

एवढ्यानेही सुटका न झाल्यास वेदनातज्ज्ञ दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधील सांध्याला जाणारा मज्जातंतू सुईने तात्पुरता बधिर करून पाहतात. बधिरता असेपर्यंत डोकेदुखी पूर्ण किंवा बहुतांशी थांबली, तर उगम तोच आहे हे निश्चित होते आणि पुढे त्या मज्जातंतूवर रेडिओफ्रिक्वेन्सीचा, म्हणजे सुईच्या टोकाच्या उष्णतेने वेदनेचा निरोप थांबवण्याचा, उपचार करायचा का, याचा विचार करता येतो. ती इंजेक्शने घेतल्यावर काही तास दुखण्याची नोंद स्वतः वेळेसह करून ठेवावी, कारण पुढचा निर्णय त्या नोंदीवरच घेतला जातो.